बरणीवरचं बारीक अक्षर

प्रश्न : मी कैरी, लिंबू आणि मिरचीची लोणची, शिवाय गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट घरी करून विकते. पाव किलोच्या काचेच्या बरण्या आहेत आणि मसाल्यासाठी छोट्या बाटल्या. लेबल मीच मोबाईलवर तयार केलं. लाल पार्श्वभूमी, त्यावर पांढरी-पिवळी अक्षरं, वळणदार फॉन्ट. मोबाईलवर छान दिसलं. छापून आल्यावर घटक पदार्थ वाचताच येत नाहीत आणि ‘घरगुती’ हा शब्द डाग पडल्यासारखा दिसतो. दुकानातल्या मालासारखं नीटनेटकं दिसेल आणि बारीक मजकूरही वाचता येईल, असा कोणता फॉन्ट घेऊ? — एक वाचक, वाई

उत्तर : ताई, फॉन्टचं नाव आधी सांगून टाकतो, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. बारीक मजकुरासाठी `Mukta` घ्या, आणि त्यातलं Regular वजन, म्हणजे रेघांची जाडी, न घेता Medium घ्या. हा फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा आहे. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि त्याच्या परवान्यानुसार विकायच्या मालावरही बिनदिक्कत छापता येतो. पण नुसता फॉन्ट बदलून तोच मजकूर त्याच आकारात त्याच लाल रंगावर छापलात, तर निम्मा डाग तसाच राहील. म्हणून बाकीचंही नीट बघू.

देवनागरी अक्षर लहान झालं की आधी त्याची पोटं भरतात. घ, ध, भ, ष, ब, ळ, क्ष यांच्या आत जी छोटी मोकळी जागा असते, ती शाईने बुजते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ गेली की तो ‘व’ होतो, ‘ष’ची गेली की ‘प’. ‘भ’ आणि ‘म’ एकसारखे दिसू लागतात. वळणदार फॉन्टमध्ये हे फार लवकर होतं. बोरूच्या वळणात एक रेघ जाड आणि पुढची केसासारखी बारीक असते. लहान आकारात बारीक रेघ छापलीच जात नाही आणि जाड रेघ पोटात शिरते. `Mukta`मध्ये रेघांची जाडी जवळपास सारखी आहे आणि पोटं मोकळी ठेवलेली आहेत, म्हणून तो टिकतो. `Hind` आणि `Noto Sans Devanagari` हेही याच कामाचे. तिघांपैकी तुमच्या ॲपच्या यादीत जो सापडेल तो चालेल. त्यावरून रात्र घालवू नका.

दुसरी गोष्ट आकाराची. इंग्रजी मजकूर 6 पॉइंटला वाचता येतो म्हणून मराठीही येईल, असं धरून बहुतेक जण फसतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा ठेवावी लागते. त्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते, आणि तेवढ्या उंचीत इंग्रजीपेक्षा जास्त रेघा बसवायच्या असतात. म्हणून पॉइंटावर विश्वास ठेवू नका, मिलिमीटरमध्ये मोजा. निवडलेल्या फॉन्टमध्ये नुसता ‘म’ 100 पॉइंटला छापा आणि शिरोरेषेपासून पायापर्यंत पट्टीने मोजा. समजा 21 मिलिमीटर भरले, तर 1 पॉइंटला 0.21 मिलिमीटर. म्हणजे 8 पॉइंटला अक्षराचं अंग साधारण 1.7 मिलिमीटर आणि 6 पॉइंटला जेमतेम सव्वा. मराठी मजकुराचं अंग दीड मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. त्याखाली चांगल्या छपाईतही चाळिशीच्या पुढचा माणूस बरणी लांब धरून डोळे बारीक करतो.

छपाई कशावर होते त्यावरही ही मर्यादा वर-खाली होते. बिलाच्या यंत्रासारखा छोटा थर्मल लेबल प्रिंटर बहुधा 203 डीपीआयचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके. दीड मिलिमीटरच्या अक्षराला उंचीत 12 ठिपके मिळतात. त्यातले एक-दोन शिरोरेषेला गेले की उरलेल्या दहात ‘क्ष’ उभा करायचा! तिथे 9-10 पॉइंटच्या खाली जाऊच नका. 600 डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर त्याच अक्षराला 35 ठिपके मिळतात, म्हणून तिथे 7.5 पॉइंटही स्वच्छ येतो. साध्या थर्मल कागदाची आणखी एक खोड आहे. तो उष्णतेने आणि तेलाने खराब होतो, अक्षरं फिकी पडतात. लोणच्याला तो वापरू नका. कुरिअरच्या पत्त्याला ठीक.

आता तुमचा लाल रंग. प्रेसमध्ये लाल हा एक रंग नसतो, किरमिजी आणि पिवळा एकमेकांवर छापून तो होतो. त्यात पांढरं अक्षर म्हणजे दोन्ही रंगांत सोडलेली रिकामी जागा. एक रंग दुसऱ्यापेक्षा दहावा हिस्सा मिलिमीटर जरी सरकला, तरी 6 पॉइंटच्या अक्षराची रेघ त्यात निम्मी बुजते, कारण ती रेघच मुळात 0.2 मिलिमीटरच्या आसपास असते. तुमचं ‘घरगुती’ बहुधा असंच बुजलं आहे. नियम सोपा ठेवा: गडद रंगावर पांढरी अक्षरं 12 पॉइंटच्या वरच, तीही एक पायरी जाड वजनात, म्हणजे SemiBold किंवा Bold. त्याहून लहान सगळं पांढऱ्या किंवा फिक्या पट्टीवर काळ्यात. आणि हा काळा निव्वळ काळ्या शाईचा हवा. चारही रंग मिसळून केलेला काळा लहान अक्षरांना रंगीत कडा आणतो. प्रेसमध्ये ‘बारीक मजकूर फक्त के शंभरात ठेवा’ एवढं सांगितलं की त्यांना कळतं. तुमचा लाल सोडायची गरज नाही. तो वरच्या पट्ट्यात, नावामागे राहू द्या.

पारदर्शक स्टिकरचा मोह होत असेल तर एक लक्षात घ्या. मागे लाल-काळं तेल आहे. त्यावर काळं अक्षर दिसत नाही आणि खाली पांढऱ्या शाईचा थर दिल्याशिवाय रंगीत अक्षरही दिसत नाही. सगळ्या प्रेसमध्ये पांढरी शाई नसते.

नावासाठी मात्र थोडी हौस करायला हरकत नाही. मोठ्या आकारात वळणदार अक्षर वाचतंही आणि शोभतंही. पारंपरिक, पुस्तकी वळण हवं असेल तर `Tiro Devanagari Marathi` बघा. हा मराठी वळणाचाच फॉन्ट आहे, त्यामुळे ल आणि श हिंदी धाटणीचे येत नाहीत. गुबगुबीत, मसाल्याला शोभणारं अक्षर हवं तर `Baloo 2`. `Yatra One` मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला आहे, ठसकेबाज आहे, ठेच्याला झकास. `Modak` इतका फुगीर आहे की पोटं आधीच चिरेएवढी उरली आहेत. तो घ्यायचाच तर दोन-तीन अक्षरी शब्दाला आणि 30 पॉइंटच्या वर. `Rozha One` मोठ्या आकारात दिमाखदार दिसतो, पण त्यातल्या बारीक रेघा छोट्या बाटलीवर गायब होतात. एका लेबलवर दोनच फॉन्ट ठेवा: नावाला एक, बाकी सगळ्याला `Mukta`. दुकानातलं लेबल नीटनेटकं दिसतं ते बहुतेक वेळा याच शिस्तीमुळे. लोणचं, मसाला, मेतकूट सगळ्यांना तेच दोन फॉन्ट आणि तीच मांडणी ठेवा, फक्त पट्ट्याचा रंग बदला. शेल्फवर चार बरण्या शेजारी ठेवल्या की एका घरच्या वाटल्या पाहिजेत.

फॉन्ट चांगला असूनही लेबल बिघडतं ते पुढच्या चार कारणांनी, आणि ही चारही ॲपमधल्या एकेका बटणाने होतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवणं हे पहिलं. इंग्रजी ब्रँडची नावं सुटी-सुटी लिहिलेली ऐटबाज दिसतात, म्हणून लोक मराठीतही ‘letter spacing’ वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्यावरच ठेवा. दुसरं, खोटं ठळक. फॉन्टचं फक्त Regular टाकलेलं असेल आणि तुम्ही B दाबलंत, तर ॲप त्याच अक्षराला सगळीकडून फुगवतं, आणि पोटं पुन्हा बुजतात. Medium, SemiBold, Bold या वेगळ्या फाइल्स असतात. त्या टाका आणि यादीतून नावाने निवडा. तिसरं, आडवं दाबणं. शब्द बसत नाही म्हणून मजकुराची चौकट दोन्ही बाजूंनी चेपली की उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा मात्र जाडच राहते. जागा खरंच कमी असेल तर मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या: `Anek Devanagari`चं Condensed रूप. चौथं, ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. अक्षर 7.5 पॉइंट असेल तर ओळ 10.5 पॉइंटवर ठेवा, म्हणजे 1.4 पट. इंग्रजीला पुरणारं 1.2 इथे पुरत नाही.

आता तुमच्या पाव किलोच्या बरणीचं लेबल मांडून बघू. बरणीचा व्यास 65 मिलिमीटर धरतो. तुमचा वेगळा असेल तर दोऱ्याने घेर मोजून घ्या. 65 व्यासाला घेर येतो 204. पुढचं लेबल 60 रुंद, 45 उंच. बरणी गोल असल्याने समोरून बघताना लेबलाच्या कडेची अक्षरं वळून अरुंद दिसतात, मूळ रुंदीच्या साधारण सहा दशांश. मधल्या 40 मिलिमीटरमध्ये मात्र हा फरक जाणवण्याइतका नसतो. म्हणून ‘कैरीचं लोणचं’ हे नाव 40 मिलिमीटरमध्ये बसवा. एका ओळीत लहान करण्यापेक्षा दोन ओळींत मोठं करा: वर ‘कैरीचं’, खाली ‘लोणचं’, 24 ते 26 पॉइंट. वर, फिक्या पट्टीवर काळ्यात, तुमच्या घरगुती उद्योगाचं नाव 10 पॉइंट Bold, खाली वजन 10 पॉइंट SemiBold. चारही कडांना 3 मिलिमीटर मोकळे सोडा, आणि पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेबाहेर 2 मिलिमीटर वाढवा, नाहीतर कापताना पांढरी किनार राहते. पुढच्या लेबलवर आणखी एकच गोष्ट हवी, शाकाहाराची हिरवी खूण. पुढचा भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्यातल्या ठिपक्याचा व्यास किमान 3 मिलिमीटर आणि चौकटीची बाजू 6 मिलिमीटर लागते. बाकी एक अक्षर नको. ‘आजीच्या हातची अस्सल चव’ वगैरे ओळी सगळ्यांत आधी काढा. त्यांनी खाल्लेल्या जागेतच नाव मोठं होणार आहे.

मागचं लेबल 60 रुंद, 60 उंच. कडा सोडून 54 मिलिमीटर उंची मिळते, 10.5 पॉइंटच्या ओळीने 14 ओळी. दोन्ही लेबलांच्या मध्ये दोन्ही बाजूंना 42-42 मिलिमीटर काच मोकळी राहते, लोणच्याच्या फोडी दिसतात. आता 14 ओळींत काय बसवायचं ते आधी कागदावर लिहा आणि भाषेचं भान ठेवा. विक्रीच्या मालावर खाद्य लेबलाच्या नियमांनी मागितलेली माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला घालता येते, त्याऐवजी नाही. म्हणून घटक पदार्थ, पत्ता, तारखा, 14 आकडी परवाना क्रमांक हे इंग्रजीत 7 पॉइंटला, आणि मराठीत फक्त घटक पदार्थ आणि साठवणीची एक ओळ 7.5 ते 8 पॉइंटला. `Mukta`त इंग्रजी अक्षरंही आहेत, दोन्ही भाषा एकाच घरातल्या दिसतात. वेगळा इंग्रजी फॉन्ट शोधू नका. अक्षरांच्या किमान उंचीचेही नियम आहेत आणि ते पॅकच्या आकारमानाप्रमाणे बदलतात, तेव्हा छापायला देण्याआधी त्या वेळी लागू असलेला तक्ता बघून पट्टीने तपासा.

वजनात दोन चुका इतक्या सर्रास दिसतात की वेगळं सांगतो. आकडे 1, 2, 3 असेच हवेत. वजनमापाच्या कायद्यात आकड्यांचं तेच रूप धरलं आहे, आणि लहान आकारात १ व ९ची गल्लत होते ती टळते हा वरचा फायदा. ग्रॅमची खूण नुसती `g` आहे. `gm`, `gms`, `Gms.` सगळं चूक. आकडा आणि खूण यांच्यात एक जागा सोडून `250 g` असं लिहा.

मसाल्याच्या बाटलीला हीच मांडणी लहान करून लावू नका. 45 मिलिमीटर व्यासाच्या बाटलीवर नावाला मधले 27-28 मिलिमीटरच मिळतात. ‘कांदा-लसूण मसाला’ तीन ओळींत, 16 पॉइंट. ‘मेतकूट’ एका ओळीत 20. मागचं लेबल रुंद करण्याऐवजी उंच करा. मजकूर तरीही बसत नसेल तर पॉइंट कमी करू नका, मराठी घटक पदार्थ `Anek Devanagari Condensed`मध्ये घ्या.

छापायला देण्याआधी चाचणी. निवडलेल्या फॉन्टमध्ये, खऱ्या आकारात ही ओळ छापा:

बडीशेप, धणे, हळद, भरड, कैऱ्या, वऱ्हाडी, शुद्ध, घट्ट, मिश्रण, औषधी, क्षार, लोणचं

‘कैऱ्या’ आणि ‘वऱ्हाडी’मधला र कोयत्यासारखा आडवा आला पाहिजे. त्याऐवजी रफार आला तर टाइप करताना चूक झाली आहे. ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह असं टाइप करा. तसं करूनही अक्षरं सुटी पडली तर तो फॉन्ट किंवा ते ॲप मराठीला अपुरं आहे. ‘शुद्ध’मधला द्ध ओळखू येतो का आणि ‘लोणचं’वरचा अनुस्वार जागेवर आहे का, तेही बघा. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला तर गिऱ्हाईक ‘लोणच’ वाचतं. छापताना ‘Fit to page’ काढून ‘Actual size’ ठेवा आणि कागदावरची लेबलाची रुंदी पट्टीने 60 भरते का बघा. 57 भरली तर तुम्ही भलतंच लेबल तपासत आहात. मग ते कापून, भरलेल्या बरणीला चिकटपट्टीने लावा आणि संध्याकाळच्या दिव्यात, हातभर अंतरावरून, तो मजकूर आधी न वाचलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला तो पाठ आहे, तुमचे डोळे इथे उपयोगाचे नाहीत.

प्रेसमधून एक कच्चा नमुना घ्या आणि त्यावर लोणच्याचं तेल बोटाने पुसून रात्रभर ठेवा. कागदी स्टिकर तेल पितो आणि मागचं काही तरी पुढे दिसू लागतं. अक्षर तेच असतं, पण पार्श्वभूमी मळकट झाल्याने वाचत नाही. लोणच्याला न फाटणारा प्लास्टिकचा स्टिकर मागा, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि नेमकी बारीक ओळ झाकली जाते. कोरड्या मसाल्याला लॅमिनेशन केलेला कागदी स्टिकर चालतो.

शेवटचं काम फाइलचं. बऱ्याच प्रेसमध्ये जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात; तुमचा मजकूर तिथे उघडला की चौकोन येतात किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, आणि मग तिथला मुलगा घाईत नव्याने टाइप करतो. तिथे ‘मोहरी’ची ‘मोहोरी’ होते. म्हणून अक्षरांचं चित्ररेषेत रूपांतर करून पीडीएफ द्या. प्रेसच्या भाषेत ‘कर्व्ह करून’. संगणकावर Inkscape हे फुकट सॉफ्टवेअर मराठी जोडाक्षरं नीट जुळवतं, लेबल थेट मिलिमीटरमध्ये मांडता येतं, आणि शेवटी मजकूर निवडून `Path > Object to Path` केलं की झालं. त्याआधी फाइलची एक प्रत मजकुरासकट वेगळी ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही. उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक छापू नका. त्यांच्यासाठी मागच्या लेबलवर 25 बाय 8 मिलिमीटरची पांढरी चौकट सोडा आणि हाताने घाला. मॅट लॅमिनेशनवर बारीक टोकाचं पर्मनंट मार्कर बसतं, बॉलपेन घसरतं. तरी शाई वाळायला अर्धा मिनिट द्या आणि तेलकट बोटाने ती घासली जाते का, तेही त्याच नमुन्यावर बघून घ्या.